सिमरोलजवळच्या शेतावरील एक दिवसाची सहल : दर कसा चुकला आणि पुन्हा कसा बांधला

इंदूरहून खंडवा रोडने निघाले की सिमरोलच्या पुढे, चोरलच्या घाटाकडे जाणाऱ्या पट्ट्यात, चार एकरांचे एक शेत आहे. मालक बँकेतून निवृत्त झालेले असून आमच्या ओळखीतील सर्वजण त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणतात. या लेखातही मी तसेच म्हणेन. शेतात गहू, हरभरा, लसूण आणि बटाटा, बांधावर आंबा आणि सीताफळ, गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड एवढा पसारा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रविवारी पाहुण्यांना शेतावर बोलावण्यास सुरुवात केली. सकाळी पोहे-जिलबी आणि चहा, मग शेतफेरी, बैलगाडी, गाईची धार काढणे, रोप लावणे, दुपारी दाल-बाफले आणि चुरम्याचे लाडू, आणि परत निघण्यापूर्वी थंडीच्या दिवसांत तळलेले गराडू, असा साधारण साडेनऊ ते पाच असा कार्यक्रम होता. पहिला हंगाम संपल्यावर त्यांनी मला वह्या दाखवल्या, कारण पाहुणे पुष्कळ आले, सर्व खूश होऊन गेले आणि तरीही हातात काही उरले नाही, हे त्यांना उलगडत नव्हते. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले.

त्यांचा पहिला दर असा होता : प्रौढांना 800 रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना 400, पंधरा किंवा अधिक जणांच्या गटाला वीस टक्के सूट म्हणजे माणशी 640, आणि शाळेला विद्यार्थ्यामागे 300, शिक्षक मोफत. हा दर कोठून आला असे विचारले तेव्हा काकांनी प्रामाणिकपणे सांगितले की आसपासच्या दोन ठिकाणी काय घेतात ते पाहिले, त्यात थोडे इकडे-तिकडे केले, आणि ‘गट म्हणजे सूट, शाळा म्हणजे निम्म्याहून कमी’ ही सर्वसाधारण रीत पाळली. दुसऱ्याचा दर पाहण्यात गैर काही नाही, कारण ग्राहकाच्या मनात कोणता आकडा आधीच बसलेला आहे ते त्यातून कळते. परंतु दुसऱ्याच्या दरातून आपला खर्च कळत नाही, आणि या प्रकरणात सर्व गुंता तेथेच होता.

खर्च मांडताना आम्ही तो तीन भागांत वेगळा केला. पहिला भाग म्हणजे फाटक उघडल्याबरोबर लागणारा खर्च, ज्याला आम्ही दिवसखर्च म्हटले. एक पाहुणा आला काय आणि पंचवीस आले काय, हा खर्च तेवढाच राहतो. स्वयंपाक करणाऱ्या महाराजांचे 900 आणि मदतीला येणाऱ्या दोन बायकांचे प्रत्येकी 450 मिळून 1,800; शेतफेरी नेणाऱ्या गावातील तरुणाचे 700; बैलगाडी आणि गाडीवान 800; स्वच्छतागृहे, पाणी आणि झाडलोट 500; गॅस आणि बाफल्यांसाठी गोवऱ्या 400; इंदूरहून सामान आणण्याचे पेट्रोल 400. हे सर्व 4,600 होते. काकांच्या वहीत येथेच रेघ मारलेली होती. काका-काकू स्वतः सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत राबत होते, परंतु त्यांच्या श्रमाचा रकाना वहीत नव्हता. मी प्रत्येकी 600 धरण्याचा आग्रह केला, तेव्हा काकू म्हणाल्या, “आम्ही का स्वतःला पगार द्यायचा?” त्यावर मी एवढेच विचारले की उद्या त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि महिनाभर दुसरे कोणी ठेवावे लागले तर ते फुकट येईल का. 1,200 मिळवून दिवसखर्च 5,800 झाला.

दुसरा भाग वर्षाचा. स्वच्छतागृहे, हात धुण्याची जागा, चाळीस जणांना सावली देणारी शेड आणि बाके यांवर 3,60,000 खर्च झाला होता. तो सहा वर्षांत फेडायचा म्हटला तर वर्षाला 60,000. मालव्याची काळी माती पावसाळ्यानंतर वाट खाऊन टाकते, त्यामुळे दरवर्षी मुरूम टाकणे आणि डागडुजी यांना 30,000. विमा, नोंदण्या, प्रथमोपचाराचे साहित्य, फोन आणि जाहिरात मिळून 18,000. पाहुण्यांच्या वाटा, खेळण्याची मोकळी जागा आणि रोपे लावण्याचे वाफे यांत जेवढी जमीन अडकली तेवढ्यावरचे बुडालेले पीक 12,000. एकूण 1,20,000. हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. त्यानंतर ऊन आणि जूननंतर चिखल, दोन्हींत पाहुणे बोलावणे शहाणपणाचे नाही. त्या बावीस आठवड्यांत बावीस रविवार, सहा सणावाराच्या सुट्ट्या आणि शाळा व गटांसाठी बत्तीस आडवार धरले तर साठ दिवस होतात, म्हणून दर दिवसावर 2,000 रुपयांचा वाटा बसतो. अशा रीतीने फाटक उघडलेल्या प्रत्येक दिवसाने 7,800 रुपये कमवायला हवेत, ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची संख्या ठरली. साठ हा अंदाज होता आणि तो पुढे चुकला, त्याकडे शेवटी येईन.

तिसरा भाग माणशी खर्चाचा. वहीत प्रौढामागे 200 लिहिलेले होते, आणि ते मला सुरुवातीला पटले होते. शंका तुपामुळे आली. बाफला आधी उकळून, मग निखाऱ्यावर भाजून, शेवटी तुपात बुडवून वाढतात, आणि मालव्यात आग्रहाशिवाय पान वाढणे ही जवळजवळ असभ्यता समजली जाते. काकूंनी माणशी साठ ग्रॅम तूप धरले होते. मी एका रविवारी तुपाचा डबा सकाळी आणि संध्याकाळी वजन करून ठेवायला सांगितले. अडतीस पानांना चार किलो तूप गेले, म्हणजे माणशी सुमारे 105 ग्रॅम. किलोला 650 या भावाने साठ ग्रॅमचे 39 रुपये होतात आणि 105 ग्रॅमचे 68. एकोणतीस रुपये माणशी कोठे जात होते ते कळले. दुरुस्त हिशेब असा : सकाळची न्याहारी 40, जेवण 130, संध्याकाळचा खाऊ 35, पाणी 10, आणि पाहुण्याला घरी नेण्यासाठी दिलेले रोप किंवा बियाण्याची पुडी 15, एकूण 230. मुलामागे 150. अशा व्यवसायात कोणाला एकच चाचणी करायची असेल तर सर्वांत महाग जिन्नस निवडून त्याचे सकाळ-संध्याकाळ वजन करावे. तीन रविवारांत खरे चित्र दिसते.

आता जुना दर या खर्चाशेजारी ठेवून पाहता येतो. 800 देणारा प्रौढ पाहुणा स्वतःचे 230 वजा जाता 570 मागे ठेवतो. 7,800 भरून निघायला असे चौदा पाहुणे लागतात. काकांनी मात्र सहा-सात जणांसाठीही फाटक उघडले होते, कारण “आलेल्याला नाही कसे म्हणायचे”. सहा जणांचे 3,420 येतात; दिवसखर्चच 5,800 असल्यामुळे त्या दिवशी गेट बंद ठेवले असते तर 2,380 वाचले असते. येथे एक बारकावा आहे. वर्षाचा खर्च फाटक उघडो वा न उघडो, झालेलाच असतो; म्हणून ‘आज उघडावे का’ हे ठरवताना 7,800 नव्हे तर 5,800 शी तुलना करायची, आणि त्यासाठी अकरा प्रौढ पुरतात. ‘दर पुरेसा आहे का’ हे ठरवताना मात्र 7,800 च धरायचे. हे दोन प्रश्न एकाच आकड्याने सोडवू पाहिले की एक तर चांगले दिवस नाकारले जातात किंवा वाईट दिवस नियमित होऊन बसतात. नव्या व्यवस्थेत गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा प्रौढांची नोंद झाली नाही तर त्या रविवारच्या नोंदी पुढच्या रविवारी हलवायच्या असे ठरले, आणि तसे नोंद घेतानाच सांगितले जाऊ लागले.

पंचवीसच्या पुढे खर्चाला पायरी येते. शेतफेरीत एक जण पंचवीसहून अधिक माणसांना बांधावरून नेऊ शकत नाही, कारण बांधावर एकामागे एक चालावे लागते आणि शेवटच्याला पुढच्याचे बोलणे ऐकू येत नाही. दुसरा वाटाड्या 700 आणि स्वयंपाकघरात आणखी एक बाई 450, म्हणजे 1,150 वाढून दिवस 8,950 चा होतो. चाळीस ही वरची मर्यादा आहे, आणि ती शेडच्या सावलीची व दोन स्वच्छतागृहांची आहे. जेवण साठांचेही झाले असते. क्षमता नेहमी सर्वांत आखूड गोष्टीवर ठरते, आणि ती गोष्ट बहुधा चुलीपाशी नसते.

या मर्यादेमुळेच गटाची सूट अंगावर आली. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी या काळातील रविवारी चाळीसही जागा पूर्ण दराने कुटुंबांकडून भरत होत्या. अशा चार रविवारी तीस-तीस जणांचे गट 640 ने घेतले गेले. एक कॉलनीचा होता, एक भिशीमंडळाचा, दोन कार्यालयांचे. त्यांच्यासाठी पूर्ण दर देणाऱ्या कुटुंबांना जागा नाही म्हणून कळवले गेले. माणशी 160 प्रमाणे एका रविवारी 4,800 आणि चार रविवारी 19,200 रुपये सहज सोडून दिले गेले, आणि वहीत हे नुकसान कोठेही दिसत नव्हते, कारण ते दिवस वरकरणी भरलेले आणि फायद्याचेच होते. उलट आडवारी पंधरा जणांचा गट 640 ने आला तर 410 प्रमाणे 6,150 मागे राहतात. दिवसखर्च जेमतेम निघतो आणि वर्षाच्या खर्चाला 350 रुपये मिळतात. म्हणजे सूट जेथे परवडत नव्हती तेथे दिली जात होती, आणि जेथे रिकामे दिवस भरायला ती उपयोगी पडली असती तेथे पंधराच्या अटीमुळे तिच्यातून काही निघत नव्हते.

गटाचा दर नव्याने बांधताना आम्ही टक्केवारी सोडून दिली. गटाचे किमान बिल 14,000 रुपये, त्यात वीस जण. त्यापुढील प्रत्येकाचे 450. वीस जणांना हे माणशी 700 पडते, तीस जणांना 18,500 म्हणजे साधारण 617, आणि चाळीस जणांना 23,000 म्हणजे 575. संख्या वाढेल तसा दर आपोआप उतरतो, म्हणून सूट मागण्या-देण्याची घासाघीस उरत नाही. शेताच्या बाजूने पाहिले तर वीसच्या गटात सर्व खर्च जाऊन 1,600, तीसच्या गटात 2,650 आणि चाळीसच्या गटात 4,850 शिल्लक राहतात. पंधरा जण आले तरी 14,000 च द्यायचे, म्हणजे माणशी 933. त्यांना काका सरळ सांगतात की तुम्ही रविवारी कुटुंबांसारखे या, स्वस्त पडेल. गर्दीच्या रविवारी गटाचा दर लागू नाही, आणि त्या दिवसांत प्रौढांचा दर 950 व मुलांचा 500 केला. काकांना 950 म्हणताना संकोच वाटत होता. मी सुचवले की आधी ख्रिसमसच्या आठवड्यातील दोन दिवसांपुरता लावून पाहा. दोन्ही दिवस भरले, तेव्हा तो संपूर्ण जानेवारीला लावला.

शाळेचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे होते आणि त्यावरच आमचा बहुतेक वेळ गेला. पहिल्या हंगामात इंदूरच्या एका खाजगी शाळेने चौथी-पाचवीची अठ्ठ्याऐंशी मुले दोन बसमधून आणली. सोबत सहा शिक्षक, दोन चालक, दोन वाहक. मुले साडेनऊऐवजी पावणेअकराला पोहोचली, कारण बस शाळेच्या नेहमीच्या फेऱ्या संपवून मगच सुटते, आणि अडीचला निघणे भाग होते, कारण त्याच बसला पुन्हा शाळा सुटण्याची फेरी करायची असते. म्हणजे जो कार्यक्रम मोठ्यांसाठी साडेसात तासांचा होता तो पावणेचार तासांत बसवायचा होता. बैलगाडीत एका वेळी आठ मुले बसतात आणि एका फेरीला बारा मिनिटे लागतात. अठ्ठ्याऐंशी मुलांना अकरा फेऱ्या, म्हणजे दोन तास बारा मिनिटे. जेवणाची वेळ धरता एका गाडीने हे जमणारच नव्हते, म्हणून धावपळ करून गावातून दुसरी गाडी मागवली गेली. एका वाटाड्याऐवजी पाच लागले, स्वच्छतागृहापुढे रांग लागली, रांगेतील मुले कंटाळून लसणाच्या वाफ्यांतून धावली, आणि बटाटे काढून दाखवायला ठेवलेल्या एका ओळीऐवजी तीन ओळी उकरल्या गेल्या.

हिशेब असा निघाला. 26,400 आले. मुलांचे 13,200, दहा प्रौढांचे 2,300, चार जादा वाटाडे 2,800, दोन जादा बायका 900, दुसरी बैलगाडी 800 आणि दिवसाचे 7,800 मिळून 27,800 गेले. लसूण आणि बटाटे सोडूनही 1,400 रुपयांचा तोटा झाला. सर्वांत मोठी गर्दी असलेला दिवस तोट्याचा ठरला हे काकांना खरे वाटेना, तेव्हा आम्ही दोघांनी तो हिशेब वेगवेगळा करून ताळा पाहिला.

शाळेचा दर म्हणजे मोठ्यांच्या दराचा तुकडा, ही समजूत येथे मोडते. मूल कमी खाते हे खरे, परंतु त्याला सांभाळायला जास्त माणसे लागतात, त्याचा दिवस आखूड असतो, आणि ज्या जेवणावर मोठी माणसे खूश होतात ते त्याला बहुधा जातही नाही. त्या दिवशी ताटात टाकलेले बाफले गाईंनी दोन दिवस खाल्ले. म्हणून शाळेसाठी कार्यक्रमच वेगळा करायचा आणि मग त्याचा दर ठरवायचा, असा क्रम आम्ही घेतला. जेवणात पुऱ्या, बटाट्याची रस्सा भाजी, खिचडी आणि गुळाचा शिरा, याचा खर्च 75. आल्यावर केळे आणि भाजलेले शेंगदाणे 15. बिया घातलेले मातीचे गोळे आणि रोपाची पिशवी यांचे 20. एकूण 110, आणि शिक्षक व चालकांनाही तेच जेवण. एका दिवशी जास्तीत जास्त साठ विद्यार्थी, पंधरा-पंधराच्या चार तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक वाटाड्या. चार जागा ठरवल्या : बैलगाडी, गोठा, वाफ्यातील काम आणि बांधावरची शेतफेरी. प्रत्येक जागी चाळीस मिनिटे आणि मधल्या तीन बदलांना पाच-पाच मिनिटे धरली की दोन तास पंचावन्न मिनिटे होतात. पंधरा मुलांना बैलगाडीच्या दोनच फेऱ्या लागतात, त्या चढ-उतारासह चाळीस मिनिटांत बसतात. गोठ्याची जागा स्वच्छतागृहाजवळ आहे, म्हणून प्रत्येक तुकडी तेथे असतानाच हातपाय धुऊन घेते आणि रांग लागत नाही. हे काकूंना सुचले, मला नाही. बस पावणेदहापर्यंत यावी अशी अट घातली, आणि जी शाळा हे मान्य करू शकत नाही तिच्यासाठी चौथी जागा कमी करायची, दर तोच, असे आधीच लिहून दिले.

साठ मुलांचा दिवस आता असा पडतो : साठ विद्यार्थी, चार शिक्षक, चालक व वाहक मिळून सहासष्ट जणांचे 7,260, दिवसाचे 7,800, तीन जादा वाटाडे 2,100, एक जादा बाई 450. एकूण 17,610, म्हणजे विद्यार्थ्यामागे साधारण 294. जुन्या 300 च्या दराने यात 390 रुपये उरले असते. पंचेचाळीस मुलांची एकच बस असली तर तीन वाटाडे लागतात आणि पन्नास जणांच्या जेवणासह 14,700 खर्च येतो, म्हणजे विद्यार्थ्यामागे 327. तीसच मुले असली तर 12,240 खर्च येतो आणि विद्यार्थ्यामागे 408 पडतात. मुले कमी झाली की दर महाग होतो हे शाळांना सांगणे अवघड जाते, म्हणून 380 हा एकच दर ठेवून किमान चाळीस विद्यार्थ्यांचे बिल, म्हणजे 15,200, अशी अट घातली. साठांत 5,190 आणि पंचेचाळीसांत 2,400 शिल्लक राहते. तीस मुले आली तरी किमान बिलामुळे 2,960 उरतात.

380 हाच आकडा का, याचे कारण खर्चात नव्हे तर शाळेच्या पद्धतीत आहे. शाळा पालकांकडून गोळा करते ती रक्कम गोल असते. ज्या शाळेशी आम्ही बोललो तिला पंचेचाळीस आसनी बस 9,000 ला पडत होती, म्हणजे विद्यार्थ्यामागे 200. त्यात 380 मिळवले की 580 होतात, आणि शाळा 600 गोळा करून वीस रुपये किरकोळ खर्चाला ठेवते. आमचा दर 420 असता तर शाळेला 650 मागावे लागले असते, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या मते सहाशेच्या पुढे गेले की पालकांच्या चिठ्ठ्या परत येतात. ग्राहक कोणत्या आकड्यावर अडतो हे त्याच्याच तोंडून ऐकणे, शेजारच्याचा दर पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी पडले.

शिक्षक पंधरा मुलांमागे एक मोफत, त्यापुढील प्रत्येकाचे 150. ही अट बारीक वाटते, परंतु एका शाळेच्या सहलीत शिक्षकांची मुले आणि कार्यालयातील मंडळी धरून चौदा प्रौढ आले होते. संख्येबाबत नियम असा की तीन दिवस आधी कळवलेला आकडा पक्का. त्यातून पाच मुलांपर्यंत गैरहजेरी सोडून दिली जाते, त्यापुढे बिल पक्क्या आकड्याचे. नोंद करताना 5,000 आगाऊ. जानेवारीत थंडीची लाट आली की प्रशासन शाळांच्या वेळा बदलते किंवा सुट्टी देते, तेव्हा तारीख एकदा विनामूल्य बदलून मिळते, मात्र पैसे परत होत नाहीत. पहिली-दुसरीची मुले घेणे सध्या बंद केले आहे, कारण त्यांना दहा-दहाच्या तुकड्या लागतात आणि याच दरात तेवढे वाटाडे बसत नाहीत.

आसपासच्या गावांतील सरकारी शाळांचा प्रश्न काकूंनी काढला. तेथील पालक 380 देणार नाहीत हे उघड होते, आणि ‘गरीब शाळेला निम्मा दर’ म्हटले तर प्रत्येक मुलामागे तोटा ठरलेला. येथेही कार्यक्रम बदलूनच मार्ग निघाला. मुले चालत किंवा ट्रॅक्टरने येतात, डबा घरून आणतात. महाराज, गॅस, इंदूरचे सामान आणि बैलगाडी (गावातल्या मुलांना तिचे अप्रूपही नसते) हे चारही खर्च त्या दिवशी नाहीत. उरतात काका-काकूंचे 1,200, तीन वाटाडे 2,100, स्वच्छता 500 आणि पंचेचाळीस मुलांच्या साहित्याचे 900; एकूण 4,700. माणशी 120 घेतले की 5,400 येतात. वर्षाच्या खर्चाला यातून 700 च मिळतात, म्हणून असे चारच दिवस ठेवले आहेत, तेही अशा आठवड्यांत जेव्हा इतर कोणी येण्याची शक्यता कमी असते.

पक्षी पाहण्याची सकाळची फेरी मात्र दरातून पूर्ण बाहेर काढली. ती साडेसहाला नाल्याकाठाने निघते, तिच्यासाठी इंदूरहून जाणकार येतो आणि तो एका सकाळचे 1,500 घेतो. पहिल्या हंगामात ही फेरी 800 मध्येच होती, आणि चाळीसपैकी सात जण ती करत होते, म्हणजे न येणारे तेहेतीस जण तिचे पैसे देत होते. आता तिचे वेगळे 250, किमान आठ आणि कमाल दहा जण. आठ झाले नाहीत तर ती रद्द होते.

जीएसटीबद्दल थोडेच सांगतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. हे शेत त्याच्या बरेच खाली आहे. परंतु त्या रेषेजवळ पोहोचलेल्याने दरपत्रक छापण्यापूर्वी कर दराच्या आत धरला आहे की बाहेर हे सनदी लेखापालाकडून ठरवून घ्यावे, कारण शाळेला एकदा कळवलेला 380 नंतर वाढवता येत नाही.

दुसऱ्या हंगामात प्रत्यक्षात साठ नव्हे तर पंचेचाळीस दिवस झाले : रविवार आणि सुट्ट्यांचे सव्वीस, खाजगी शाळांचे नऊ, गटांचे सहा आणि गावच्या शाळांचे चार. दिवसामागे 2,000 धरलेला वार्षिक वाटा त्यामुळे पूर्ण वसूल झाला नाही. एक्केचाळीस दिवसांचे 82,000 आणि गावच्या शाळांचे 2,800 मिळून 84,800 जमले, 35,200 कमी पडले. नऊ खाजगी शाळांपैकी पाच साठच्या आसपास होत्या आणि चार पंचेचाळीसच्या, त्यांची शिल्लक 35,550 होती. म्हणजे शाळांनी जे कमावले ते जवळजवळ सर्व न भरलेल्या दिवसांनी खाल्ले, आणि खरा नफा रविवार व गटांचाच राहिला. काका-काकूंचे श्रम मात्र या वेळी खर्चात धरलेले असल्याने पंचेचाळीस दिवसांचे 54,000 त्यांना मिळाले.

तिसऱ्या हंगामासाठी आम्ही साठऐवजी अठ्ठेचाळीस दिवस धरले आहेत, त्यामुळे दिवसाचा वाटा 2,000 वरून 2,500 झाला आणि दिवस 8,300 चा. साठ मुलांच्या शाळेत आता 5,190 ऐवजी 4,690 उरतील आणि पंचेचाळीसच्या शाळेत 1,900. शाळेचा दर 380 वरून हलवायचा नाही असे ठरले आहे. त्याऐवजी किमान बिल चाळीसवरून पंचेचाळीस विद्यार्थ्यांचे करावे असे माझे मत आहे. काकांचे म्हणणे असे की त्याने छोट्या शाळा तुटतील. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, शाळांच्या सहलींचे अर्ज येऊ लागण्यापूर्वी, त्यावर पुन्हा बसायचे आहे.